एन्ट्री आपोआप पडतात, पण परवडतात का?

कोल्हापुरातल्या शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या बऱ्याच ऑफिसांत आता बँकेचं स्टेटमेंट हातानं टॅलीत चढवत नाहीत. कुणीतरी एकदा एक्सेलचा मॅक्रो किंवा छोटा प्रोग्रॅम करून दिलेला असतो. फाईल टाकली, बटण दाबलं की एन्ट्री पडतात. मग एखाद्या महिन्यात बँक स्टेटमेंटचा नमुना बदलते आणि सगळं ठप्प होतं. दुरुस्त करणारा अडीच हजार मागतो. अकाउंटंट म्हणतो, “साहेब, करून घ्या, लई वेळ वाचतोय.” मालकाला मात्र गेल्या वर्षीचा दुबार एन्ट्रीचा घोळ आठवत असतो. दोघांचंही खरं असतं. म्हणूनच हा प्रोग्रॅम ठेवायचा की नाही, या प्रश्नाचा निकाल अंदाजावर न सोडता कागदावर लावावा लागतो, आणि तो एका पानात लागतो.

पोस्टिंग म्हणजे काय, आणि ते आपोआप कसं होतं

पोस्टिंग म्हणजे जुन्या भाषेत खतावणी. झालेला व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तारीख, रक्कम आणि एक तुटक मजकूर असतो. हे पैसे कुणाचे आणि कोणत्या खात्यावर घ्यायचे, हे त्या मजकुरावरून माणूस ओळखतो. प्रोग्रॅमही तेच करतो, फक्त त्याच्याकडे एक तक्ता असतो: मजकुरात अमुक शब्द दिसला तर अमुक खातं. ओळख पटली की तो टॅलीला चालेल अशी फाईल बनवतो आणि ती इम्पोर्ट होते. ओळख पटली नाही की ती एन्ट्री बाजूला, माणसासाठी.

त्या तक्त्यातलं खात्याचं नाव आणि टॅलीतलं लेजरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. कुणी टॅलीत लेजरचं नाव जरा नीटनेटकं करून ठेवलं तरी पुढच्या वेळी त्या पार्टीच्या एन्ट्री अडकतात. देखभाल म्हणतात ती बरीचशी याच कामाची असते.

आधीचा वेळ घड्याळ लावून मोजा

शिरोलीतलं एक मध्यम मशीन शॉप डोळ्यांसमोर ठेवू. दोन करंट खाती, दोन्ही मिळून महिन्याला 1,200 एन्ट्री. पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत. पद्धत तीच ठेवून त्या जागी तुमचे घाला.

हातानं एन्ट्री मारायला किती वेळ लागतो, हे विचारून कळत नाही. “दोन-तीन दिवस जातात” या उत्तरात चहा, फोन आणि दारात आलेला ट्रान्सपोर्टवाला सगळं आलं. स्टेटमेंटमधल्या सलग 40 एन्ट्री घ्या, सोप्या-अवघड जशा येतील तशा, आणि घड्याळ लावून मारायला सांगा. आपल्या दुकानात त्याला 32 मिनिटं लागली. म्हणजे एका एन्ट्रीला 48 सेकंद. 1,200 एन्ट्रींचे झाले 16 तास.

प्रोग्रॅम बसवून वर्षं लोटली असतील तरी ही मोजणी आज नव्यानं करा. तुलना आजच्या हातकामाशी करायची आहे. टॅलीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एक्सेलवरून थेट इम्पोर्ट करता येतं, तेव्हा “मॅक्रो नसता तर” आज काम नेमकं कसं झालं असतं ते पाहायला हवं.

सोळा तासांतले आठच वाचतात

इथे बहुतेक जण फसतात. काम 16 तासांचं होतं, आता बटणावर होतं, म्हणजे 16 तास वाचले असं धरतात.

उसाचं हार्वेस्टर पाहिलं असेल. सरळ सरीतला ऊस ते सपासप तोडतं. पण बांधाकडेचा आणि वाऱ्यानं लोळलेला ऊस पुष्कळदा कोयत्यानंच तोडावा लागतो, आणि तोच जास्त वेळ खातो. इथेही तसंच होतं. 1,200 पैकी 960 एन्ट्री प्रोग्रॅम ओळखतो, उरलेल्या 240 माणसाकडे येतात. त्यात मजकुरात नाव नसलेली यूपीआय, तीन बिलांपोटी आलेली एकरकमी रक्कम, परत आलेला चेक असे नग असतात. यांना 48 सेकंद पुरत नाहीत. मोजले तर 75 सेकंद निघतात. 240 एन्ट्रींचे झाले 5 तास.

शिवाय आठवड्याला एकदा स्टेटमेंट उतरवायचं, एक्सेलमध्ये साफ करायचं आणि इम्पोर्ट करायचं. दर वेळी 25 मिनिटं, म्हणजे महिन्याला 1 तास 40 मिनिटं. नंतरची तपासणी दर वेळी 20 मिनिटं, म्हणजे 1 तास 20 मिनिटं. एकूण 8 तास.

वाचले 8 तास, सोळाच्या निम्मे. तपासणीची वीस मिनिटं वाचवून हा आकडा वाढवायचा मोह होतो. तो टाळावा. का, ते चुकांपाशी येईल.

दुरुस्तीचा तास महाग असतो

आता दुसरी बाजू. नवीन पार्ट्या आल्या की तक्त्यात भर घालावी लागते, महिन्याला साधारण 1 तास. हे ऑफिसातलाच माणूस करतो. आणि प्रोग्रॅम वर्षातून तीनदा मोडतो असं धरू. बँकेनं नेटबँकिंगचं पान बदललं आणि “विथड्रॉवल” व “डिपॉझिट” या दोन रकान्यांऐवजी एकच रक्कम आणि पुढे डेबिट-क्रेडिट अशी खूण आली, एवढं मोडायला पुरतं. दर वेळी दुरुस्तीला 4 तास, आणि तोवर साठलेलं काम हातानं काढायला 2 तास.

वर्षाचे तास मोजले तर तक्त्याचे 12, दुरुस्तीचे 12, साठलेल्या कामाचे 6, एकूण 30. महिन्याला अडीच तास. आठातून अडीच गेले, साडेपाच उरले, फायदाच आहे असं वाटतं. पण हे तास एका भावाचे नाहीत. 18,000 रुपये पगाराच्या अकाउंटंटचा तास, महिन्याचे 200 तास धरले तर, 90 रुपयांचा. दुरुस्त करणाऱ्याचा 600 रुपयांचा. एका बिघाडाचे झाले 2,400 अधिक 180, म्हणजे 2,580 रुपये.

म्हणून तासांचे रुपये करा. 8 तास वाचले त्याचे महिन्याला 720 रुपये. खर्च: तक्त्याचे 90, दुरुस्तीचे 600, साठलेल्या कामाचे 45, एकूण 735. महिन्याला 15 रुपये तोटा!

नुसत्या वेळेवर हा प्रोग्रॅम उभा राहत नाही. लहान-मध्यम ऑफिसात असं पुष्कळदा निघतं, कारण वाचणारा तास स्वस्त असतो आणि लागणारा तास महाग. निकाल लागतो तो चुकांवर.

चुका किती, हे कसं कळणार

हातानं 1,200 एन्ट्री मारल्यावर किती चुकतात? सापडलेल्या चुका मोजणं सोपं आहे, पण न सापडलेल्यांचं काय? बँक जुळवताना रक्कम आणि तारखेची चूक पकडली जाते. पार्टी चुकली असेल तर बँक अगदी रुपयाला रुपया जुळते, आणि चूक तशीच पार्टीच्या खात्यात बसून राहते.

यावर एक साधी युक्ती आहे. एका महिन्याच्या एन्ट्री दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या, एकमेकांना न दाखवता. एका एन्ट्रीला दहा सेकंद धरले तर प्रत्येकाचे 3 तास 20 मिनिटं जातात, आणि हे एकदाच करायचं आहे. समजा पहिल्याला 8 चुका सापडल्या, दुसऱ्याला 6, आणि त्यातल्या 4 दोघांच्याही त्याच. मग एकूण चुकांचा अंदाज असा:

```
=8*6/4
```

म्हणजे 12. सापडल्या 10 आणि दोन दोघांच्याही नजरेतून सुटल्या. तर्क असा की दुसऱ्यानं पकडलेल्या 6 पैकी 4 पहिल्यालाही दिसल्या, म्हणजे पहिल्याची नजर तीनातल्या दोन चुका पकडते. त्यानं 8 पकडल्या, तर एकूण बारा असणार. आकडे लहान आहेत, त्यामुळे दहा-पंधराच्या दरम्यान कुठेतरी असं समजा. आणि दोघेही एकाच प्रकारची चूक सारखीच नजरेआड करत असतील तर खरा आकडा याहून मोठा निघेल.

या 12 कुठल्या एन्ट्रींवर झाल्या तेही पाहा. आपल्या उदाहरणात 5 चुका त्या अवघड 240 मध्ये आणि 7 सोप्या 960 मध्ये. प्रोग्रॅम फक्त त्या सात टाळतो. अवघडातल्या पाच आजही माणूसच करतो, तेव्हा त्यांचं श्रेय प्रोग्रॅमला देता येत नाही.

चुकीची किंमत ती कुठवर जाते यावर

ऑफिसातच सापडलेली चूक शोधून दुरुस्त करायला सरासरी पाव तास जातो. सात चुकांचे पावणेदोन तास, साधारण 157 रुपये. किरकोळ.

महाग पडते ती ऑफिसाबाहेर गेलेली चूक. एका पाटलांचं पेमेंट दुसऱ्या पाटलांच्या खात्यावर पडलं. पहिल्यांना “तुमच्याकडून येणे बाकी” म्हणून फोन गेला, ज्यांनी पैसे केव्हाच पाठवलेत. मग मॅनेजरनं फोन करायचा, लेजर पाठवायचं, माफी मागायची. त्यात त्याचा एक तास जातो, 250 रुपयांचा. अशा चुका महिन्याला दोन व्हायच्या, त्यातली एक सोप्या एन्ट्रीतली. ती आता होत नाही. 157 आणि 250 मिळून महिन्याला साधारण 407 रुपयांच्या चुका टळल्या. नाराज झालेल्या पार्टीची किंमत यात धरलेली नाही. ती रुपयांत ओढूनताणून बसवण्यापेक्षा वेगळी लिहून ठेवावी आणि शेवटी दोन बाजू जवळजवळ समान आल्या तरच तिच्याकडे पाहावं.

प्रोग्रॅमची चूक एकटीदुकटी येत नाही

माणूस चुकतो तो इथे एक, तिथे एक. प्रोग्रॅम चुकतो तेव्हा सारखं कारण असलेल्या सगळ्याच एन्ट्री चुकतात. नेहमी आढळणारे प्रकार तीन.

पहिला, एकच फाईल दोनदा इम्पोर्ट होणं. फोन आला, उठून गेलं, परत येऊन पुन्हा बटण दाबलं. आठवड्याच्या 300 एन्ट्री दुबार. याला उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँक क्रमांक जपणं. एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरी असतो, आरटीजीएसचा 22 अक्षरी, यूपीआयचा 12 आकडी. सगळ्या चढवलेल्या एन्ट्री एका शीटमध्ये ठेवून, C रकान्यात हा क्रमांक आणि D मध्ये रक्कम असेल, तर

```
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2)
```

याचं उत्तर 1 पेक्षा जास्त आलं की थांबायचं. बँक चार्जेससारख्या नोंदींना कधीकधी असा क्रमांक नसतो, त्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात.

दुसरा, तारीख उलटणं. आपल्याकडे 03/04 म्हणजे 3 एप्रिल. कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल ते 4 मार्च वाचतं. 13 तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे ते तारीख नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणून ओळखायची खूण पक्की आहे: महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या एन्ट्री भलत्याच महिन्यांत विखुरतात आणि रकान्यात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट, कारण तो आकड्यांत दिसतच नाही. स्टेटमेंटमधला मजकूर असा असतो:

```
NEFT CR-PATIL TRANSP
```

बँक नाव मध्येच तोडते. तक्त्यात कुणी नुसता `PATIL` हा शब्द कास्टिंगवाल्या पाटलांसाठी घातला असेल, तर ट्रान्सपोर्टवाल्या पाटलांचे पैसेही त्यांनाच जमा होतात. कोल्हापुरात पाटील, पोवार, चव्हाण, जाधव ही नावं एकेका पार्टी-यादीत पाच-सात वेळा असतात. नुसतं आडनाव तक्त्यात कधीच घालू नये. वर सांगितलेली वीस मिनिटांची तपासणी मुख्यतः यासाठीच आहे: नव्यानं घातलेल्या प्रत्येक शब्दाखाली पडलेल्या सगळ्या एन्ट्री एकदा वाचायच्या.

अशा घटना वर्षाला दोन धरू. दोन्ही मिळून निस्तरायला अकाउंटंटचे 10 तास आणि मॅनेजरचे 3, म्हणजे 1,650 रुपये. महिन्याला साधारण 137.

आता बेरीज

टळलेल्या चुकांचे 407, त्यातून प्रोग्रॅमनं स्वतः केलेल्या चुकांचे 137 वजा. उरले 270. वेळेतला तोटा 15. निव्वळ फायदा महिन्याला 255, वर्षाला 3,060 रुपये.

फायदा आहे, पण तोलून मापून. बिघाड तीनऐवजी चारदा झाला तर 2,580 जातात आणि 480 उरतात. पाचव्या बिघाडाला तोटा सुरू होतो. म्हणजे मालकाला पाहायचा आकडा “किती तास वाचले” हा नसून “वर्षात किती वेळा मोडलं” हा आहे. बाकीचा एखादा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तरी निर्णय इतका हलत नाही, जितका या एका आकड्यानं हलतो.

“पण पगार तर तेवढाच द्यावा लागतो”

हा आक्षेप रास्त आहे. 8 तास वाचले म्हणून पगार 720 रुपयांनी कमी होत नाही. वाचलेल्या तासाला किंमत तेव्हाच, जेव्हा त्या तासात दुसरं काम उभं असतं. 7 तारखेला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 14 ला 2बी आलं की खरेदीची बिलं जुळवायची, 20 ला 3बी. या दिवसांत वाचलेला तास पूर्ण मोलाचा धरा. 25 तारखेला वाचलेला निम्मा धरा, किंवा शून्य. तास कोणत्या आठवड्यात वाचतात हे लिहिलं की आपोआप कळतं. तपासल्यावर सगळे तास निवांत आठवड्यातच वाचत असतील, तर पोस्टिंगचा दिवस बदलून पाहा. प्रोग्रॅम तोच राहतो, फायदा वाढतो.

“बनवायला चाळीस हजार दिलेत, ते वाया घालवायचे?”

ते पैसे गेले. प्रोग्रॅम ठेवला तरी गेले, बंद केला तरी गेले. आजच्या निर्णयात त्यांना जागा नाही. नवीन बनवून घ्यायचा असेल तेव्हा मात्र तोच आकडा सगळ्यात आधी मांडायचा. वर्षाला तीन हजार देणाऱ्या कामावर चाळीस हजार घालायचे झाले तर वसुलीला तेरा वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं बँकेचा एकही नमुना टिकत नाही.

सगळं ठेवायचं की अर्धं

“चालू ठेवू की बंद करू” असा प्रश्न विचारला की अर्धं उत्तर हातातून निसटतं. बिघाड कुठल्या खात्यावर होतात ते पाहा. आपल्या दुकानाच्या दुसऱ्या बँकेच्या खात्यावर 1,200 पैकी 150 एन्ट्री आहेत, त्यातल्या 100 प्रोग्रॅम ओळखतो. हाताच्या सोळा तासांतले पाच अवघड एन्ट्रींचे, म्हणजे सोप्या 960 चे 11 तास, एकीला साधारण 41 सेकंद. त्या हिशोबानं या शंभरामुळे महिन्याला साधारण 69 मिनिटं वाचतात. फाईल उतरवणं, साफ करणं, तपासणं यात त्या खात्याची म्हणून 40 जातात. उरली 29 मिनिटं, वर्षाची साधारण 520 रुपयांची. टळलेल्या चुकांचा वाटा आणखी 510. एकूण हजारभर.

आणि वर्षातल्या तीन बिघाडांपैकी दोन याच खात्याचे, म्हणजे 5,160 रुपये.

हे एक खातं हातकामावर नेलं तर वर्षाला चार हजारांहून जास्त वाचतात आणि एकूण फायदा सात हजारांच्या वर जातो. मोठ्या खात्याचा प्रोग्रॅम मग निर्धास्त ठेवता येतो, कारण तो वर्षातून एकदाच मोडतो.

हे कळण्यासाठी एक वही पुरते. बिघाडाची तारीख, कोणतं खातं, दुरुस्तीला आणि साठलेल्या कामाला गेलेले तास, बिलाची रक्कम. ज्या दिवशी मोडलं त्याच दिवशी लिहायचं. मार्चमध्ये आठवून लिहिलं तर छोटे बिघाड विसरले जातात आणि एकच मोठा लक्षात राहतो.

खातं हातावर नेताना महिन्याच्या मध्ये नेऊ नका. महिनाअखेरीस बँक जुळवून घ्या, शेवटच्या आपोआप पडलेल्या एन्ट्रीचा यूटीआर वहीत लिहा आणि पुढच्या एन्ट्रीपासून हातानं सुरू करा. नाहीतर सांध्यावरच्या पाच-दहा एन्ट्री एकतर दोनदा पडतात, नाहीतर पडतच नाहीत. तक्ता मात्र फेकू नका. कोणत्या मजकुराला कोणती पार्टी हे त्यात लिहिलेलं असतं, आणि हातानं एन्ट्री मारणाऱ्या नव्या माणसाला पहिले दोन महिने तोच उघडून बसावं लागतं.